मुठीच्या मापाची भेट

चवथ जवळ आली की मला एका ठरावीक प्रकारचे फोन येऊ लागतात. "ताई, मावशीच्या हातांना संधिवात आहे, तिला काय न्यावं?" हातांच्या उपचारात माझं आयुष्य गेलं. ऑक्युपेशनल थेरपी हा माझा व्यवसाय होता, आता निवृत्त आहे, पण लोक विचारायचे थांबलेले नाहीत. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच तयार असतं. मोबाईलवर कुठलंतरी 'संधिवातासाठी खास' उपकरण त्याने पाहिलेलं असतं आणि माझ्याकडून नुसती मान डोलवून हवी असते. मी उलट विचारते, मावशीचं नक्की काय दुखतं? बोटांची पेरं, मनगट, की अंगठ्याचं मूळ? आणि काय करताना दुखतं? इथे फोनवर शांतता पसरते.

'संधिवात' या एका शब्दाखाली आपण निदान दोन अगदी वेगळे हात कोंबतो. एक हात आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडचा. बोटांच्या मुळाशी सूज, दोन्ही हातांना सारखीच. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मूठच वळत नाही, आणि जुन्या दुखण्यात बोटं करंगळीच्या बाजूला कलू लागतात. दुसरा हात झिजेचा. त्यात सकाळचा ताठरपणा थोडा वेळच टिकतो, पण कामाला लागलं की दुखतं आणि दिवस चढेल तसं वाढतं. पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये ही झीज फार वेळा अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून असलेल्या सांध्यात होते. तिथे एक चौकोनी उंचवटा दिसू लागतो. बाईला विचारावं तर ती म्हणते, "दुखतं असं नाही गो, पण वस्तू हातातून सुटतात." आणि हो, बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर तो प्रश्न बहुतेक वेळा सांध्याचा नसून मनगटात दबलेल्या नसेचा असतो. अशा माणसाला भेटवस्तू नंतर, आधी डॉक्टर. बधिर बोटांना तव्याचा चटकासुद्धा उशिरा कळतो.

मी आज फक्त अंगठ्याच्या मुळाबद्दल लिहिते आहे, कारण माझ्या मैत्रिणीचं दुखणं ते आहे आणि तिच्यासाठी काय घ्यावं याचा विचार मी सगळ्यांत बारकाईने केला. ती फोंड्याजवळच्या एका गावात राहते. हायस्कुलात मराठी शिकवायची. साठी ओलांडली, घर मोठं, माणसं येती-जाती, आणि स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हाती द्यायला ती अजून राजी नाही.

या सांध्याबद्दल एक गोष्ट कळली की बाकीचं आपोआप समजतं. अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत आपण एखादी वस्तू चिमटतो, तेव्हा टोकाशी जेवढा जोर असतो त्याच्या सुमारे बारापट जोर अंगठ्याच्या मुळातल्या सांध्यावर येतो. हे गणित 1977 साली हाताच्या यांत्रिकीचा अभ्यास करणाऱ्यांनी मांडलं आणि आमच्या क्षेत्रात ते आजही पहिल्या वर्गात शिकवतात. किल्ली फिरवायला एक किलोचा जोर लागला तर मुळाशी बारा किलो. धडधाकट सांध्याला त्याचं काही वाटत नाही. झिजलेल्या सांध्याला मात्र दिवसभरात अशी प्रत्येक चिमूट मोजावी लागते. म्हणून भेटवस्तू घेताना "ही पकडायला सोपी आहे का" एवढं विचारून भागत नाही. "यात चिमूट आहे का, आणि ती तळहातावर ढकलता येईल का" हे विचारावं लागतं.

मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात एक खण आहे. नातेवाइकांनी मोठ्या प्रेमाने आणलेल्या वस्तू त्यात झोपलेल्या असतात. आखातातल्या पुतण्याने आणलेलं बॅटरीवर चालणारं बरणी उघडण्याचं यंत्र त्यात आहे. ते चांगलं चालतं, पण बरणीवर बसवताना त्याचे दोन दाते चिमटीत धरून सरकवावे लागतात. एक फार जाड मुठीचा सुरी-चमच्यांचा संच आहे, तिच्या लहानशा हाताला तो पुरत नाही म्हणण्यापेक्षा तिचा हात त्याला पुरत नाही. एक स्प्रिंगची कात्री आहे, आपली आपण उघडणारी, कल्पना उत्तम. आपल्या हवेत तिची स्प्रिंग पहिल्याच पावसाळ्यात गंजली आणि आता ती उघडायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. गोव्यात अशी वस्तू घ्यायची तर स्प्रिंग आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत ना, हे आधी पाहावं. नुसतं चकचकीत दिसणं पुरेसं नाही. लोहचुंबकाचा उपयोगही फारसा होत नाही, कारण काही प्रकारच्या स्टीलला तो चिकटतो आणि तरी ते गंजत नाही. वेष्टनावर लिहिलेलं वाचणं आणि परत करता येईल अशा ठिकाणाहून घेणं, इतकंच आपल्या हातात.

तेव्हा यादी बाजूला ठेवून मी एका सकाळी तिच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. तिला सांगितलं, तू रोजचं कर, मी नुसती बघते. "परीक्षा घेतेस काय गो माझी?" म्हणाली, पण लागली कामाला. अशा वेळी बोलण्यापेक्षा हाताकडे बघायचं असतं. माणूस कुठे थांबतं, कुठे पदर किंवा फडकं मध्ये घेतं, कुठे डाव्या हाताला मदतीला बोलावतं, कुठे दात वापरतं. दुधाची पिशवी तिने दाताने फाडली. कोकमाच्या बाटलीचं झाकण दोन्ही तळहातांत धरून, बाटली पोटाशी दाबून उघडलं. डाळीचा टोप सांडशीने उचलताना क्षणभर थांबून श्वास घेतला. तिला विचारलं असतं तर यातलं काहीच तिने सांगितलं नसतं, कारण तिच्या लेखी ही दुखणी नव्हती, सवयी होत्या.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो नारळात. आपल्याकडे नारळाशिवाय दिवस जात नाही. हुमण असो, तोंडाक असो, नुसती भाजी असो, खोबरं हवंच. आणि नारळ खवायचा म्हणजे आदोळीवर बसायचं. आता या आदोळीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शहरातली तरुण मंडळी ती जुनाट म्हणून अडगळीत टाकतात. पण दुबळ्या मुठीच्या नजरेने पाहिलं तर भाजी चिरायला तिच्यासारखं साधन नाही. पातं पायाखाली घट्ट बसलेलं, म्हणजे सुरी धरण्याचं काम हाताला नाहीच. दोन्ही हात भाजीला मोकळे. दुधी, भोपळा, कोबी अशा मोठ्या वस्तू दोन्ही तळव्यांनी पात्यावर ढकलल्या की झालं. परदेशात अशा हातांसाठी पाटावर ठोकून बसवलेल्या सुऱ्या विकतात, ती कल्पना आपल्या घरात केव्हापासून आहे. अडचण दोन ठिकाणी येते. भेंडी, मिरची, लसूण असं बारीक काही चिरायचं झालं की ते चिमटीत धरावं लागतं आणि चिमूट सुटली तर बोट पात्यावर. दुसरी अडचण जमिनीवर बसण्याची, पण ती गुडघ्याची गोष्ट, हाताची नव्हे. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची उभ्याने वापरायची विळी मिळते, तिने दुसरी अडचण सुटते, पहिली नाही.

खवणं मात्र वेगळं. नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून खवणीच्या दात्यांवर दाबायची आणि मनगटं पिळत फिरवायची. जोर तळहाताचा, हे बरं. पण अंगठे वाटीच्या काठावर घट्ट रोवलेले असतात आणि प्रत्येक वळणाला मुळावर ताण येतो. मी निरीक्षण करत होते तेव्हा एका वाटीत ती चारदा हात झटकायला थांबली.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो हँडल फिरवायच्या खवणीचा. खाली रबराची वाटी असते, ती ओट्याला चिकटते, एका हाताने नारळ दात्यांवर धरायचा, दुसऱ्याने फिरवायचं. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर, ओलसर फडक्याने पुसून चिकटवली तर ती पक्की बसते. टाइल्सच्या ओट्यावर सांध्यांतून हवा शिरते आणि ऐन वेळी सुटते. तिचा ओटा टाइल्सचा. शिवाय फिरवायची मूठ पेन्सिलीएवढी बारीक, म्हणजे आवळून धरावी लागणार.

म्हणून मी तिला वेगळाच प्रश्न विचारला. रोजचं हे खोबरं खवतेस, त्यातलं किती वाटणात जातं? जवळजवळ सगळंच. वाटणात जाणारं खोबरं खवायचं कशाला? ते मिक्सरमध्ये बारीकच व्हायचं आहे. फोडलेली वाटी करवंटीच्या बाजूने गॅसवर थोडी गरम केली की खोबरं आक्रसून करवंटीपासून सुटू लागतं. मग बोथट चपट्या वस्तूने कडेकडेने उचकटलं तर तुकडे निघतात. एक खबरदारी: अणकुचीदार सुरीने उचकटायला जाऊ नये, निसटली तर थेट दुसऱ्या तळहातात घुसते. या पद्धतीत खोबऱ्याची तपकिरी साल सोबत येते आणि हुमणाचा रंग किंचित मळकट होतो. मैत्रिणीने लगेच तोंड वाकडं केलं. "पाहुणे आले की?" पाहुणे आले की साल सोलाण्याने काढायची. पातोळ्या, नेवऱ्या करायच्या दिवशी खवलेलंच खोबरं लागतं, तेव्हा घरातल्या कोणाला तरी बसवायचं आणि जास्तीचं खोबरं पिशवीत चपटं पसरून फ्रीझरमध्ये ठेवायचं. चपटं यासाठी की गोळा करून गोठवलं तर त्याचा दगड होतो आणि तो फोडायला पुन्हा हाताचाच जोर. चपट्या थराचा हवा तेवढा तुकडा ओट्याच्या कडेवर ठेवून तळहाताने दाबला की मोडतो.

इथे माझी भेट म्हणजे एक चांगलं सोलाणं आणि एक बोथट, रुंद पात्याचं, जाड मुठीचं पातं, एवढीच ठरली. सोलाण्याबद्दल थोडं सांगते, कारण मुठीच्या जाडीचा सगळा मामला त्यात दिसतो. 1990 साली अमेरिकेत सॅम फार्बर या गृहस्थाने ऑक्सो नावाची कंपनी काढली. त्याच्या बायकोच्या, बेट्सीच्या हातांना संधिवात होता आणि साधं सोलाणं धरताना तिचे हाल व्हायचे, त्यातून जाड, रबरी, बोटांना रुतेल अशा मुठीचं सोलाणं तयार झालं. त्या वस्तूवर कुठेही 'संधिवात' लिहिलेलं नव्हतं. ती सगळ्यांसाठी होती, सगळ्यांनी घेतली. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग तोच. आजारपणाचं लेबल चिकटलेली वस्तू आपल्याकडच्या बायका खणात टाकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. चवथीला सुनेसमोर रुग्णोपयोगी पाकीट उघडायला कोणाला आवडेल?

मूठ किती जाड हवी? जाड म्हणजे चांगली, हा गैरसमज आहे. हातात धरल्यावर अंगठ्याचं टोक आणि मधल्या बोटाचं टोक एकमेकांना जेमतेम भेटावं, तेवढी. बहुतेकांना तीन ते चार सेंटिमीटर बरी पडते, लहान हाताला तीनच्याही आत. त्याहून बारीक असेल तर आवळावं लागतं, त्याहून जाड असेल तर बोटं मिटतच नाहीत आणि वस्तू अंगठ्याच्या जोरावर लटकते. माझ्या मैत्रिणीचा तो जाड मुठींचा संच पडून राहण्याचं कारण हेच. भेट घेण्याआधी त्या माणसाच्या हातात एखादी लाटण्यासारखी गोल वस्तू सहज दिली आणि बोटं कुठवर पोचतात ते पाहिलं, की माप मिळतं. कागदावर टिपून दुकानात न्यावं.

आणि कित्येकदा दुकानात जायचीसुद्धा गरज नसते. एसी बसवणारे लोक तांब्याच्या नळीवर काळ्या फोमचं नळकांडं चढवतात. हार्डवेअरच्या दुकानात ते फुटांवर मिळतं, आणि एसीवाल्याकडे उरलेले तुकडे असतातच, मागितले तर तो तसेच देतो. दांड्यापेक्षा किंचित बारीक भोकाचा तुकडा घ्यायचा, दांड्याला साबणाचं पाणी लावायचं आणि सरकवून चढवायचा. पाणी वाळलं की तो हलत नाही. टूथब्रश, कंगवा, पेन, जेवायचा चमचा, रवी या सगळ्यांना हे चालतं. सुरीला मात्र कधीही लावू नये. फोमच्या आत पातं किंचित फिरतं, आणि फिरणारं पातं म्हणजे अपघात. गॅसजवळच्या पळी-उलथन्यालाही नको, तो वितळतो. पावसाळ्यात फोममध्ये ओल राहून काळे डाग पडतात. धुण्यापेक्षा बदललेला बरा, किंमतच अशी किती!

पळी-उलथन्यासाठी मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून करवंटीच्या डवल्या आणल्या. नारळाच्या करवंटीचा वाडगा आणि लाकडाचा दांडा. स्टीलच्या पळीपेक्षा हलकी, दांडा गोल आणि जाड, हाताला थंड लागत नाही, ओल्या हातातूनही निसटत नाही. घेताना दांडा करवंटीत घट्ट बसला आहे ना, ते हलवून पाहायचं आणि त्यावर खरखरीत गाठ असेल ती नाकारायची. मैत्रिणीला यात काही 'खास' वाटलं नाही, उलट तिच्या आईकडे अशाच होत्या. त्या खणात गेल्या नाहीत.

बरण्यांचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण झाकण दोन वेगळ्या कारणांनी अडतं आणि दोघांना उपाय वेगळा. विकत आणलेल्या जॅमची किंवा सॉसची नवी काचेची बरणी असेल, तर पत्र्याच्या झाकणाचा मधला भाग किंचित आत ओढलेला दिसतो. आत हवा कमी आहे, बाहेरची हवा झाकणाला दाबून धरते. इथे पिळण्यात ताकद घालवणं व्यर्थ. झाकणाच्या कडेखाली चमच्याचं टोक किंवा सोड्याच्या बाटलीची चावी घालून हलकेच उचलायचं. 'टक्' असा आवाज येतो, मधला भाग वर येतो, आणि मग झाकण लहान मूलही फिरवेल. घरच्या लोणच्याच्या, मोरांब्याच्या बरणीत हवेचा दोष नसतो. तिथे आट्यांत तेल, मीठ, साखर सुकून चिकटलेली असते. तिला चावी लावून काही होत नाही. झाकणावर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवायचं, आणि पुढल्या वेळी बंद करण्याआधी आटे पुसायचे. हातात पकड यावी म्हणून झाकणाभोवती रुंद रबरबँड किंवा सायकलच्या ट्यूबचा कापलेला गोल तुकडा बसवला की निसटणं थांबतं, आणि निसटणं थांबलं की आवळणं आपोआप कमी होतं. बरणीखाली ओलं फडकं ठेवलं तर बरणी धरायला लागणारा दुसरा हातही जवळजवळ मोकळा होतो.

फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने ठोकायचं एक पाचरीच्या आकाराचं दातेरी साधन मिळतं. बरणी दोन्ही हातांत धरून झाकण त्या पाचरीत सरकवायचं आणि बरणीच फिरवायची. मला हे सगळ्यांत आवडतं, कारण यात बोटांना कामच नाही, सगळं तळहात आणि कोपर करतात. पण त्याला खरं लाकूड किंवा जाड प्लायवूड लागतं. वाळवी आणि ओल यांना कंटाळून गोव्यात पुष्कळांनी स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमचे कप्पे केले आहेत, त्यात स्क्रू धरत नाही. मैत्रिणीकडे जुनं सागवानी फडताळ होतं. तिच्या यजमानांनी स्वतः ठोकून दिलं, वर "दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर माझे हात तरी वाचले असते," हेही.

कुकरबद्दल वाद झाला. तिच्याकडे आतून लागणाऱ्या झाकणाचा कुकर आहे. ते झाकण तिरकं करून आत घालायचं, फिरवायचं, वर ओढायचं आणि दांड्यावरची कडी अडकवायची. यात चिमूट, पीळ आणि मनगटावर वजन तिन्ही आहे. बाहेरून फिरवायच्या झाकणात दोन लांब दांडे एकमेकांजवळ आवळावे लागतात, ते मुठीने होतं, म्हणून थोडं बरं. वरून दाबून बसणाऱ्या क्लिपच्या झाकणाला तळहात पुरतो. तिला मी तिसरा सुचवला. तिने साफ नाही म्हटलं. माझ्या कुकरचा भात मला कळतो, म्हणाली. मग तडजोड झाली. झाकण जड का जातं ते पाहिलं, तर रबर जुनं होऊन कडक झालेलं. नवं रबर आणलं, त्याला तेलाचं बोट फिरवून बसवलं, आणि पहिले काही दिवस ते घट्टच लागणार हे सांगून ठेवलं. कुकर भरलेला असताना तो उचलायचा नाही, डाळ-तांदळाचे डबे रिकाम्या कुकरात ठेवूनच पाणी ओतायचं, पाण्यासाठी वेगळा हलका मग. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ते किलो हातापासून जितकं लांब तितकं मनगटाला जड.

सांडशीची गोष्ट त्याच गणिताची. सांडशी हे चिमटीचंच वाढवलेलं रूप, वर दोन-अडीच किलोचा गरम टोप तिच्या टोकाला. मी तिला दोन कानांची पातेली आणि सिलिकॉनचे हातमोजे दिले. कान दोन्ही बाजूंना असले की वजन वाटून जातं आणि मनगट सरळ राहतं. हातमोजे मात्र सैल हवेत, आत हात घालायला ओढाताण करावी लागली तर पुन्हा तेच. पाणी गाळायचं असेल त्या भाजीसाठी आत बसणारी जाळीची टोपली दिली. टोपली वर उचलली की पाणी खाली राहतं, टोप ओणवा करायचं कामच नाही.

बारीकसारीक बऱ्याच गोष्टी आहेत. त्यांतली गॅसचा लायटर अगदी दुर्लक्षित. खटका दाबायचा लायटर म्हणजे दर वेळी अंगठ्याच्या मुळावर घाव. त्याऐवजी चार्जिंगचा, बटण सरकवायचा लायटर द्यावा. किल्लीच्या डोक्यावर जाड प्लास्टिकची मूठ बसवता येते. गोळ्यांच्या पाकिटातून गोळी ढकलणं हे चिमटीचं मोठं काम आहे, पण आठवड्याभराच्या गोळ्या आधीच काढून डबीत भरून ठेवायच्या तर गोव्याच्या पावसाळ्यात त्या मऊ पडतात. एक-दोन दिवसांच्याच काढाव्यात, आणि कोणत्या गोळ्या पाकिटाबाहेर ठेवू नयेत ते औषधाच्या दुकानात विचारावं. अंगठ्याला आधार देणारा पट्टाही कित्येकांना खूप उपयोगी पडतो, पण तो भेट म्हणून विकत घेऊ नये. माप चुकलं तर टोचतो, तो तज्ज्ञाकडून बसवून घ्यावा.

शेवटी सगळ्यांत महाग पडलेली आणि सगळ्यांत कमी 'भेट' दिसणारी वस्तू म्हणजे मोरीचा नळ. जुना नळ गोल चक्रीचा, फिरवून फिरवून उघडायचा, आणि विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी तो आणखी जड झालेला. गोल चक्रीची त्रिज्या अडीच सेंटिमीटर धरली आणि तिच्या जागी दहा सेंटिमीटरचा दांडा बसवला, तर त्याच कामाला एक चतुर्थांश जोर पुरतो. वर हा दांडा पाव वळणात उघडतो आणि बोटांनी धरावाच लागत नाही, मनगटाच्या कडेने किंवा कोपराने ढकलला तरी चालतो. दवाखान्यात असतो तसा. प्लंबरला सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते, दांडा उघडताना भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला आपटू नये. आमच्या प्लंबरने आधी तसाच बसवला आणि दांडा अर्ध्यावर अडू लागला, मग नळ काढून पुन्हा फिरवून बसवावा लागला.

तिने ओल्या हाताने, कोपराने, एकदा उघडला, एकदा बंद केला, पुन्हा उघडला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "न्हाणीघरातला पण बदलून दे. आणि मागच्या दाराची कडी बघून जा, ती तर कोणालाच उघडत नाही."